भविष्य निर्वाह निधीचे ओलीस की बाजाराचे?

२०१५ सालच्या फेब्रुवारीत केंद्रीय अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीविषयी एक उद्गार काढला होता. या योजनेला ग्राहक नाहीत, तिच्याजवळ आहेत ते ओलीस, असा त्याचा आशय होता. ओलिसांची सुटका कशी करायची, याचाही मार्ग त्याच भाषणात सुचवण्यात आला: कामगाराला भविष्य निर्वाह निधी किंवा बाजाराशी जोडलेली राष्ट्रीय पेन्शन योजना, अर्थात एनपीएस, यांतून निवड करू द्यावी. कामगार संघटनांनी या सूचनेला कडाडून विरोध केला. तथापि, सूचना मागे पडली तरी तिच्यामागचा विचार मागे पडला नाही. त्यानंतरच्या दशकात म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींनी, बँकेतल्या सल्लागारांनी आणि खुद्द मालकवर्गाच्या मनुष्यबळ खात्यांनी हाच विचार पगारदारांच्या घराघरांत पोहोचवला. 'फंडात पैसे सडतात, एसआयपीत वाढतात' हे वाक्य आता कारखान्याच्या कँटीनमध्येही ऐकू येते. आपल्या पक्षाच्या तरुण सहानुभूतीदारांपैकीही अनेकांना ते मनातून पटलेले आहे. म्हणूनच या प्रश्नाची तपासणी घोषणांनी नव्हे, हिशेबाने केली पाहिजे.

प्रथम, ज्याला सरसकट 'फंड' म्हटले जाते ती वस्तू नेमकी काय आहे ते पाहू. १९५२ च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना म्हणजे केवळ सक्तीची बचत नव्हे. सर्वसाधारण आस्थापनेत कामगाराच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम त्याच्याकडून कापली जाते आणि तेवढीच रक्कम मालकाला भरावी लागते. कामगाराचे सर्व १२ टक्के त्याच्या नावावरील निधीत जातात. मालकाच्या १२ टक्क्यांचे मात्र दोन भाग होतात. त्यातील ८.३३ टक्के कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे १९९५ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या 'ईपीएस-९५' मध्ये वळते होतात आणि उरलेले ३.६७ टक्के कामगाराच्या निधीत जमा होतात. निवृत्तिवेतनात सरकारही १.१६ टक्क्यांची भर घालते. याशिवाय मालक अर्धा टक्का वेगळा भरतो, आणि त्यातून नोकरीत असताना मृत्यू आल्यास वारसाला विम्याची रक्कम मिळते. थोडक्यात, एकाच कपातीच्या पोटात तीन गोष्टी आहेत: बचत, निवृत्तिवेतन आणि विमा. एसआयपीशी तुलना करणारे गृहस्थ या तिन्हींपैकी फक्त पहिली उचलतात, तिच्या व्याजाचा दर शेअर निर्देशांकाच्या दराशेजारी मांडतात आणि निकाल देऊन मोकळे होतात.

त्या निकालात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. मुंबई शेअर बाजाराचा संवेदनशील निर्देशांक १९७८-७९ साली १०० धरून मोजायला सुरुवात झाली आणि २०२४ साली तो ८० हजारांच्या पलीकडे गेला. याचा अर्थ वर्षाला सरासरी सोळा टक्क्यांच्या आसपास चक्रवाढ झाली. भविष्य निर्वाह निधीने १९९० च्या दशकात १२ टक्के व्याज दिले, २०२१-२२ साली ते ८.१० टक्क्यांवर उतरले आणि २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही वर्षी ते ८.२५ टक्के राहिले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या सरासरीत बाजार पुढे आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. समाजवाद्यांनी अंकगणिताशी भांडण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, म्हातारपण सरासरीवर काढता येते काय?

एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील बाजार खरा आहे. समजा, २००८ च्या जानेवारीत एक कामगार निवृत्त झाला. त्याची आयुष्यभराची पुंजी वीस लाख रुपये असून ती सर्व निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या शेअर फंडात आहे. घरखर्चासाठी तो दरमहा १२ हजार रुपये काढतो. ८ जानेवारी २००८ रोजी निर्देशांक २०,८०० च्या वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ रोजी तो ८,२०० च्याही खाली होता. या चौदा महिन्यांत निवृत्ताने पावणेदोन लाखांहूनही कमी रक्कम काढली, पण पडत्या बाजारात तेच १२ हजार मिळवण्यासाठी त्याला दर महिन्याला अधिकाधिक युनिटे विकावी लागली. मार्च २००९ मध्ये त्याच्या वीस लाखांचे पावणेसात लाखही उरले नव्हते.

यावर ठरलेले उत्तर येते: बाजार पुन्हा वर आला की नाही? आला. २०१० च्या नोव्हेंबरात निर्देशांक जानेवारी २००८ च्या पातळीला परत पोहोचला. पण निर्देशांक परतला म्हणून निवृत्त परतला नाही. जी युनिटे त्याने मंदीच्या दिवसांत विकून खाल्ली, ती तेजीत भाग घ्यायला शिल्लकच नव्हती. निर्देशांक पूर्वपदावर आला त्या दिवशी या माणसाकडे सुमारे १४ लाख रुपये उरलेले असतात. कंपन्यांच्या लाभांशाची किरकोळ भर सोडून दिली, तर त्याने काढलेले चार लाख मिळवूनही वीस लाखांचा मेळ बसत नाही. त्याच काळात भविष्य निर्वाह निधीचा व्याजदर २००७-०८ पासून सलग तीन वर्षे साडेआठ टक्के होता. त्या दराने वीस लाखांवर वर्षाला १ लाख ७० हजार रुपये व्याज होते, आणि आपल्या निवृत्ताचा वर्षाचा खर्च होता १ लाख ४४ हजार. म्हणजे मुद्दलाला हात न लावता त्याची चूल पेटती राहिली असती.

या हिशेबातील मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. पगार चालू असतो तोपर्यंत बाजाराची पडझड ही बचत करणाऱ्याला सोसवते, किंबहुना स्वस्तात खरेदी झाल्याने ती लाभदायकही ठरते. पगार थांबून पैसे काढण्याची वेळ आली की तीच पडझड मारक ठरते. सरासरी परतावा तोच असला तरी वाईट वर्षे आयुष्याच्या कोणत्या टोकाला आली यावर म्हातारपण अवलंबून राहते. २००६ साली निवृत्त झालेला आणि २००८ साली निवृत्त झालेला, दोघांनी सारखेच कष्ट केले, सारखेच पैसे वाचवले, पण एकाला बाजाराने हात दिला आणि दुसऱ्याला दगा. जन्मतारखेच्या जोरावर ज्याचे भवितव्य ठरते त्याला निवृत्तीची सोय म्हणत नाहीत, सोडत म्हणतात.

बाजाराचे अधिक जाणते समर्थक याला वेगळे उत्तर देतात. ते म्हणतात, निवृत्ती जवळ आली असता सर्व पैसा शेअरांत ठेवायला सांगतो कोण? पन्नाशीनंतर तो हळूहळू रोख्यांत वळवावा. एनपीएसमध्ये वयानुसार शेअरांचा हिस्सा कमी करत नेण्याची सोयही आहे. हे उत्तर रास्त आहे, परंतु ते देताच त्यांची जाहिरात कोसळते. कारण सोळा टक्क्यांचे आकडे हे शेवटपर्यंत जोखीम अंगावर घेतलेल्या पैशाचे आकडे आहेत. पुंजी सर्वांत मोठी असते त्याच वर्षांत ती रोख्यांत नेली, तर मिळणारा परतावा रोख्यांचा असतो, आणि तो भविष्य निर्वाह निधीच्या दरापेक्षा फार वेगळा नसतो. जोखीम टाळायची असेल तर तो दर मिळत नाही आणि तो दर हवा असेल तर जोखीम टळत नाही. यांपैकी एका वाक्याचा उच्चार विक्रेता करतो, दुसरे तो छापील पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकतो.

येथे एक आक्षेप आपल्याच बाजूने येऊ शकतो की, खुद्द भविष्य निर्वाह निधी संघटनाही २०१५ च्या ऑगस्टपासून नव्या जमेचा काही भाग शेअर बाजारात गुंतवते. प्रथम पाच टक्के, मग दहा आणि २०१७ पासून पंधरा टक्क्यांपर्यंत. हे खरे आहे आणि त्यावर सतत पहारा ठेवलाच पाहिजे. तरीसुद्धा फरक मूलभूत आहे. तेथे बाजार पडला तर घट कोट्यवधी सभासदांच्या सामाईक निधीत, अनेक वर्षांवर पसरते, आणि त्या वर्षी निवृत्त होणाऱ्या कामगाराला जाहीर झालेला दरच मिळतो. व्यक्तिगत खात्यात सारी घट त्या एकट्यावर, त्याच दिवशी कोसळते. समाजवाद आणि बाजारवाद यांतील अंतर समजावून सांगायला याहून सुटसुटीत दाखला नाही.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत तर बाजारवाद्यांकडे उत्तरच नाही. पस्तीस वर्षांचा एखादा कामगार यंत्रावर काम करताना दगावला, तर तीन वर्षांच्या एसआयपीतून त्याच्या विधवेच्या हाती काय पडेल? जेवढे त्याने भरले तेवढेच, थोडे अधिक किंवा उणे. ईपीएस-९५ मध्ये एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला मासिक निवृत्तिवेतन सुरू होते आणि दोन मुलांना ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत वेगळी रक्कम मिळते. कायमचे अपंगत्व आले तर दहा वर्षांच्या सेवेची अट आड येत नाही. दीर्घायुषी ठरलेल्याला शंभराव्या वर्षीही निवृत्तिवेतन चालू राहते. लवकर जाणारे, उशिरा जाणारे, अपघातात सापडणारे अशा सर्वांचा भार सर्वांनी मिळून उचलणे हे या योजनेचे तत्त्व आहे. असे काम एकट्या माणसाचे खाते कधीच करू शकणार नाही, मग त्याला परतावा कितीही मिळो.

बाजाराच्या पायावर निवृत्तीची इमारत उभी करण्याचा प्रयोग जगात झालेला नाही असेही नाही. लष्करशहा पिनोशेच्या राजवटीत चिलीने १९८१ साली सार्वजनिक निवृत्तिवेतन मोडीत काढले. मालकांचा हिस्सा बंद झाला आणि कामगाराच्या वेतनाचे दहा टक्के खासगी कंपन्यांच्या व्यक्तिगत खात्यांत जाऊ लागले. सैन्यदलांना मात्र या प्रयोगातून वगळण्यात आले. स्वतःच्या शिपायांवर जे औषध चालवायची छाती सरकारला झाली नाही, ते कामगारांना पाजण्यात आले. परिणाम असा झाला की, २००८ साली सरकारी तिजोरीतून गरीब वृद्धांना किमान निवृत्तिवेतन द्यावे लागले, २०१६ साली लक्षावधी लोक या कंपन्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि अखेर २०२५ च्या कायद्याने मालकांचे अंशदान पुन्हा आणावे लागले. एक पूर्ण पिढी मात्र मधल्या काळात म्हातारी होऊन गेली.

आपल्या देशातही याची लहानशी आवृत्ती घडली. १ जानेवारी २००४ नंतर केंद्र सरकारच्या सेवेत आलेल्यांना आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनातून बाहेर काढून बाजाराशी जोडलेल्या योजनेत टाकण्यात आले. सैन्यदले येथेही वगळलेली होती. २०२३ च्या मार्चमध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत महाराष्ट्रातील कर्मचारी व शिक्षक सात दिवस संपावर गेले. पुढच्या वर्षी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, केंद्र सरकारने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि पंचवीस वर्षे सेवा करणाऱ्याला अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याइतकी हमी दिली. दहा वर्षे सेवा झालेल्याला किमान दहा हजार रुपये, आणि या दोन्हींवर महागाईनुसार वाढ. ही योजना जुन्या पेन्शनच्या बरोबरीची नाही, हे कर्मचारी संघटनांचे म्हणणे योग्यच आहे. पण वीस वर्षे बाजाराची महती गाणाऱ्या सरकारला स्वतःच्या नोकरांपुढे पुन्हा हमीचीच भाषा बोलावी लागली, ही गोष्ट विसरता येत नाही.

मग कारखान्यातील, खासगी दवाखान्यातील, साखर कारखान्यातील आणि सूतगिरणीतील कामगाराच्या वाट्याला काय आले? येथे आपल्या बाजूने भावनेच्या भरात ईपीएस-९५ चे गोडवे गाऊन चालणार नाही. तत्त्व निर्दोष आहे, पण व्यवहार लाजिरवाणा आहे.

योजनेचे सूत्र सोपे आहे. निवृत्तिवेतनास पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. मेख 'पात्र वेतन' या दोन शब्दांत आहे. प्रत्यक्ष पगार कितीही असो, हिशेबासाठी तो सर्वसाधारणपणे एका ठरावीक मर्यादेपर्यंतच धरला जातो. ती मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती. १ सप्टेंबर २०१४ रोजी ती १५ हजार करण्यात आली आणि त्यानंतर दहा वर्षे ती तसूभरही हलली नाही. आता २०२४ च्या ऑगस्टअखेर पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला कामगार घेऊ. त्याची पहिली पंधरा वर्षे ६,५०० च्या हिशेबाने मोजली जातात: ६,५०० गुणिले १५ भागिले ७०, म्हणजे सुमारे १,३९३ रुपये. नंतरची दहा वर्षे १५ हजारांच्या हिशेबाने: सुमारे २,१४३ रुपये. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल दोन वर्षांची वाढीव सेवा धरली तरी एकूण निवृत्तिवेतन चार हजारांच्या आतच राहते. निवृत्त होताना त्याचा पगार तीस हजार असेल किंवा चाळीस हजार, त्याने फरक पडत नाही.

हे चार हजारही स्थिर नाहीत, कारण ते वाढत नाहीत. या निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता नाही. भाववाढ वर्षाला सहा टक्के धरली, तर बारा वर्षांत या रकमेची किंमत निम्मी होते. म्हणजे सत्तरीला पोहोचलेल्या माणसाच्या हाती आजच्या दोन हजारांचे मोल उरते. किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरवण्यात आले आणि पुढची दहा वर्षे तेही तेथेच गोठले. राज्यसभेच्या याचिका समितीने, तिचे अध्यक्ष भगतसिंग कोश्यारी असताना, २०१३ सालीच किमान तीन हजारांची शिफारस केली होती. ईपीएस-९५ चे निवृत्त महागाई भत्त्यासह साडेसात हजारांची मागणी घेऊन बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत उपोषणे आणि मोर्चे करत आले आहेत. सरकारी सेवकाला किमान दहा हजार आणि महागाईची भरपाई, आणि त्याच सरकारच्या देखरेखीखालील योजनेत कामगाराला किमान एक हजार आणि भरपाई शून्य! हा भेद कोणत्या अर्थशास्त्राने समर्थनीय ठरतो?

याहून गंभीर गोष्ट आणखी एक आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. १ सप्टेंबर २०१४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे, १५ हजारांहून अधिक वेतनावर प्रथमच नोकरीस लागणारा माणूस निवृत्तिवेतन योजनेचा सभासदच होऊ शकत नाही. मालकाचे सर्व पैसे त्याच्या भविष्य निर्वाह निधीत जातात, पण हयातभराचे निवृत्तिवेतन आणि विधवेची तरतूद या दोन्हींना तो मुकतो. पगार वाढत गेले आणि मर्यादा जागीच राहिली, की दरवर्षी नव्या कामगारांचा मोठा हिस्सा आपोआप दाराबाहेर राहतो. यासाठी कायदा रद्द करावा लागत नाही, संसदेत चर्चा होत नाही, वर्तमानपत्रांत मथळे येत नाहीत. एक आकडा दहा वर्षे हलवला नाही एवढ्याने काम भागते. आणि मग निवृत्तिवेतनाविना राहिलेल्या या तरुणाकडे बाजाराचा दलाल येऊन सांगतो, 'तुझी सोय तूच कर.' हमीची योजना प्रथम उपाशी ठेवायची, ती खंगली की तिच्या खंगण्याचा पुरावा देऊन बाजाराकडे बोट दाखवायचे, असा हा एकूण डाव आहे.

मालकवर्ग आपल्या परीने यात भर घालतोच. पगाराचे तुकडे करून मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त दाखवणे ही जुनी युक्ती. सर्वांना सरसकट दिले जाणारे भत्ते हे मूळ वेतनच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या कामगार संहितांतील वेतनाच्या व्याख्येप्रमाणे, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीची रक्कम वेतनात धरावी लागते. दुसरी युक्ती सुशिक्षितांसाठी. 'कंपनीला पडणारा खर्च' या नावाने ठरवलेल्या पगारात मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून वजा दाखवला जातो. मग त्या तरुणाला वाटते की दोन्ही बारा टक्के आपलेच आहेत, ते हातात मिळाले तर बरे. मालकाने भरायची रक्कम ही संघर्षातून मिळालेले वाढीव वेतन आहे, हे त्याच्या स्मृतीतून पुसले जाते. एसआयपीत मालक एक छदामही घालत नाही, हा साधा फरक मग नजरेआड होतो.

तिसरा प्रकार सर्वांत निर्लज्ज: पगारातून कापायचे आणि भरायचे नाही. येथे कार्यकर्त्यांना प्रत्यक्ष काम आहे. दर महिन्याची रक्कम पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरावी लागते. म्हणून प्रत्येक कामगाराचे पासबुक तीन महिन्यांतून एकदा तरी उघडून पाहिले पाहिजे आणि पगारपत्रकाशी ताडले पाहिजे. निवृत्तिवेतनाच्या रकान्यात काही महिने शून्य असेल, नावाच्या अक्षरांत किंवा जन्मतारखेत आधारशी फरक असेल, जुन्या नोकरीची अखेरची तारीख भरलेली नसेल, तर ते दोष नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्यावेत. कंपनी बंद पडल्यावर सही करायला कोणी सापडत नाही.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. कंत्राटदार बदलला की नवे खाते उघडले जाते, जुने अर्धवट पडते आणि मध्येच गरजेपोटी कामगार निवृत्तिवेतनाची जमाही काढून घेतो. अशा रीतीने पंधरा वर्षे त्याच यंत्रावर उभा राहिलेला माणूस कागदावर दहा वर्षांची सलग जोड दाखवू शकत नाही आणि मासिक निवृत्तिवेतनाला मुकतो. नोकरी बदलताना जमा काढण्याऐवजी खाते वर्ग करावे किंवा सेवेची नोंद असलेले योजना प्रमाणपत्र घ्यावे, एवढे सांगणारा कार्यकर्ता गेटवर असता तरी अनेकांचे म्हातारपण सावरले असते.

कामगार पैसे काढतो म्हणून त्याला अदूरदर्शी ठरवण्याचा उच्चवर्गीय शहाणपणाही येथे नाकारला पाहिजे. २०१६ च्या फेब्रुवारीत सरकारने मालकाचा हिस्सा अठ्ठावन्न वर्षांपर्यंत काढता येणार नाही असा नियम केला, तेव्हा एप्रिलमध्ये बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि दोन दिवसांत नियम मागे घ्यावा लागला. त्या स्त्रियांना म्हातारपणाची काळजी नव्हती असे नव्हे. चाळिशीच्या आतबाहेर ज्यांना कामावरून काढले जाते आणि ज्यांच्या हाती बेकारीचा पुरेसा भत्ता पडत नाही, त्यांचा बेकारभत्ता हा फंडच असतो. बेकारीची सोय न करता निवृत्तीच्या सोयीला कुलूप लावता येत नाही.

तेव्हा पक्षाची भूमिका दोन्ही बाजूंनी स्पष्ट हवी. वेतनाची मर्यादा वाढवून ती यापुढे दरवर्षी वेतनमानाबरोबर आपोआप वर सरकेल अशी तरतूद करावी आणि २०१४ नंतर बाहेर ठेवलेल्यांना आत घ्यावे. ईपीएस-९५ चे निवृत्तिवेतन किमतींच्या निर्देशांकाशी बांधावे, आणि त्यासाठी लागणारा पैसा सरकारने आपला १.१६ टक्क्यांचा तोकडा वाटा वाढवून उभा करावा. कंत्राटदाराने न भरलेल्या वर्गणीची वसुली मुख्य मालकाकडून तत्परतेने व्हावी. यावर जो खर्च होईल त्याचे ओझे तरुण कामगारांच्या माथी पडेल, असा कांगावा केला जाईल. हे ओझे आजही कोणीतरी वाहतेच आहे. ते निवृत्ताच्या मुलाच्या पगारातून, सुनेच्या राबण्यातून आणि म्हाताऱ्याच्या न घेतलेल्या औषधातून वसूल होते, एवढेच की ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

आणि ज्याच्यापाशी हमीच्या पायावर आणखी काही उरते, त्याने ते खुशाल बाजारात घालावे. वरचा मजला बाजाराचा असायला हरकत नाही, पाया मात्र हमीचाच हवा. पंधरा हजारांच्या गोठलेल्या आकड्याने तो पाया रोज पोखरला जात असताना कामगाराला निवडीचे स्वातंत्र्य देऊ करणे ही त्याची थट्टा आहे. ओलीस कोणी धरले असेल तर ते कामगाराचे म्हातारपण आहे. त्याची सुटका दलालाच्या हाती सोपवायची, की ज्यांनी १९५२ सालचा हक्क मिळवला त्यांच्या वारसांनी ती पुन्हा लढून करायची, याचा निर्णय आता गेटसभांतच व्हायला हवा.